धनत्रयोदशीचा फ्रिज

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर अगदी वरच्या बाजूला तीन चौकटी असतात. पहिलीत एकूण देय रक्कम, दुसरीत किमान देय रक्कम, आणि तिसरीत पैसे भरायची शेवटची तारीख. माणूस पहिली चौकट बघतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. मग नजर दुसऱ्या चौकटीवर सरकते आणि गोळा आपोआप विरघळतो. पन्नास हजारांच्या शेजारी अडीच हजार छापलेले असले की ते इतके लाघवी दिसतात, की बँकेला आपली काळजी आहे असं वाटू लागतं. तिसऱ्या चौकटीपर्यंत पोचेतो माणूस पूर्ण बरा झालेला असतो. उरलेली चार पानं मग तो वाचत नाही.

ती पानं कोण वाचत असेल, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेत व्याज लावण्यात गेली. आमच्याकडे व्याज लावायचं म्हणजे कर्जदार समोर खुर्चीत बसलेला असायचा, आणि आकडा सांगताना आधी चहा मागवावा लागायचा. चहा न पाजता व्याज लावता येतं हे मला कार्डांमुळे कळलं. आता निवृत्तीत ती चार पानं मी वाचतो, कारण माझे साडू ती माझ्या टीपॉयवर आणून टाकतात.

आमचे साडू एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळतात. तिथे एक वॉशर कमी भरला तर ते चार जणांच्या सह्या घेतल्याशिवाय घरी जात नाहीत. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली नाही तर गल्ली बदलतात. अशा माणसाला कार्ड विकणं सोपं नसावं, पण मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या एका पोराने त्यांना 'लाइफटाइम फ्री' हे दोनच शब्द ऐकवले आणि साडू विरघळले. वार्षिक फी नाही, पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी पैसे, वर रिवॉर्ड पॉइंट. त्यातलं काहीही खोटं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. बँक खोटं बोलत नाही. ती खरं बोलते, फक्त बारीक अक्षरांत.

तर २०२५ ची धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. लोक त्या दिवशी चमचाभर का होईना चांदी घेतात. साडूंनी चाळीस हजारांचा दोन दारांचा फ्रिज घेतला आणि कार्ड दिलं. पुढे तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, येऊ घातलेल्या पुतण्याच्या लग्नासाठी दहा हजारांचे कपडे झाले. कार्डाचं बिल दर महिन्याच्या पंधरा तारखेला निघतं. त्यामुळे १५ नोव्हेंबरच्या स्टेटमेंटवर एकूण देय ५०,००० रुपये, किमान देय त्याचे पाच टक्के म्हणजे २,५०० रुपये, आणि शेवटची तारीख ५ डिसेंबर, असं सगळं व्यवस्थित छापून आलं. २५ नोव्हेंबरला लग्नात सहा हजारांचा आहेर झाला, तोही कार्डावर.

५ डिसेंबरला साडूंनी अडीच हजार भरले. वेळेवर भरले. भरून झाल्यावर मला फोन केला, की माणसाने शिस्तीत राहिलं तर कार्डासारखी सोय नाही. पन्नासपैकी अडीच गेले, राहिले साडेसत्तेचाळीस, त्यात आहेराचे सहा मिळवले की साडेत्रेपन्न. व्याज लागलंच तर पाच तारखेपासून पंधरा तारखेपर्यंत दहा दिवसांचं लागेल. दर महिना साडेतीन टक्के आहे हे त्यांना माहीत होतं. दहा दिवसांचे सहाशे रुपये धरून त्यांनी डायरीत लिहूनही ठेवले.

१५ डिसेंबरला स्टेटमेंट आलं. एकूण देय रक्कम ५७,३६३ रुपये.

साडू संध्याकाळीच आले. मागोमाग मेहुणी. साडूंनी चपला काढायच्या आधी कागद काढला.

"साडूभाऊ, हे बघा. अडीच हजार भरले, आणि देणं वाढलं. स्टोअर्समधून माल बाहेर काढला आणि स्टॉक वाढला असं कधी झालंय का?"

मी म्हटलं, "बसा. चहा टाकायला सांगतो." जुनी सवय.

स्टेटमेंटमध्ये एक ओळ होती: फायनान्स चार्जेस ३,२७४ रुपये. तिच्याखाली तिचंच पिल्लू: जीएसटी ५८९ रुपये. कार्डावरच्या व्याजावर सरकार अठरा टक्के जीएसटी घेतं. गृहकर्जाच्या व्याजावर घेत नाही, सोनं तारण ठेवून काढलेल्या कर्जाच्या व्याजावर घेत नाही, पण कार्डाच्या व्याजाला कायद्याने ही सूट मुद्दाम नाकारली आहे. साडूंचा जीएसटीवरचा राग पाचशे एकोणनव्वद रुपयांच्या मानाने फारच मोठा होता. तो ओसरू दिला आणि मग वरच्या ओळीकडे वळलो, कारण खरी गंमत तिथे होती.

साडूंची समजूत अशी, की पन्नास दिवस बिनव्याजी म्हणजे त्या पन्नास दिवसांचं व्याज माफ, आणि व्याज सुरू होतं ते शेवटच्या तारखेनंतर. बहुतेक सगळ्यांची हीच समजूत असते. माझीही असती, पण मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो. रिक्षाचं मीटर पहिल्या वळणापासून चालूच असतं, फक्त त्यावर फडकं टाकलेलं आहे, असा हा प्रकार आहे. शेवटच्या तारखेला सगळे पैसे दिलेत तर चालक फडक्यासकट मीटर शून्यावर आणतो आणि नमस्कार करून निघून जातो. एक रुपयाही कमी दिलात तर फडकं बाजूला होतं, आणि आकडा पहिल्या वळणापासूनचा दिसतो.

म्हणजे फ्रिजचं व्याज ५ डिसेंबरपासून नाही, १८ ऑक्टोबरपासून. कपड्यांचं २ नोव्हेंबरपासून. आहेराचं २५ नोव्हेंबरपासून, आणि आहेर तर त्या बिलात नव्हताच! मागचं बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. पाकीट वधूवरांच्या हातात पडलं त्याच दिवशी त्याच्यावर व्याज सुरू झालं होतं. मेहुणी म्हणाली, "म्हणजे दाजी, ते हनिमूनला गेले तेव्हा आपण व्याज भरत होतो?" मी म्हटलं, हिशेबाच्या भाषेत तसंच म्हणावं लागेल.

साडूंना पटेना. स्टोअर्सवाला माणूस, त्यांना कागदावर मांडून दाखवावं लागतं. मी वही काढली. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. बँक रोज दिवसअखेरीस किती बाकी आहे ते बघते आणि त्या रकमेवर बेचाळीस टक्क्यांचा तीनशे पासष्टावा भाग लावते. १८ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हे पंधरा दिवस चाळीस हजार अंगावर होते. त्यानंतर २५ नोव्हेंबरपर्यंतचे तेवीस दिवस पन्नास हजार. मग ५ डिसेंबरपर्यंत दहा दिवस छप्पन्न हजार. तिथे अडीच हजार भरले, म्हणून पुढचे दहा दिवस साडेत्रेपन्न हजार. प्रत्येक रकमेला तिच्या दिवसांनी गुणलं आणि बेरीज केली, ती झाली २८ लाख ४५ हजार.

"अठ्ठावीस लाख?" साडू उठून उभे राहिले.

त्यांना खाली बसवलं. हे रुपये नाहीत, रुपये गुणिले दिवस आहेत. आमच्या बँकेत याला 'प्रॉडक्ट' म्हणायचे, आणि कॅलक्युलेटर यायच्या आधी पोरं ही बेरीज करता करता म्हातारी झाली. या अठ्ठावीस लाख पंचेचाळीस हजारांना बेचाळीस टक्के लावा आणि ३६५ ने भागा: ३,२७४ रुपये. छापील आकडा बरोबर निघाला तेव्हा साडूंचा चेहरा पडला. त्यांची सगळी मदार बँकेच्या चुकीवर होती. काही बँका एखादा दिवस इकडचा तिकडे धरतात आणि पन्नास-साठ रुपयांचा फरक पडतो, पण रीत ही.

आता जे अडीच हजार भरले ते कुठे गेले? पन्नास हजार होते, अडीच भरले, व्याज आणि कर मिळून ३,८६३ चढले. आहेर बाजूला ठेवला तर ५१,३६३ रुपये बाकी. म्हणजे साडूंनी बँकेला अडीच हजार दिले आणि वर तेराशे त्रेसष्टचं नवं कर्ज घेतलं. हे करून त्यांनी मला शिस्तीबद्दल फोन केला होता.

मेहुणीने इथे असा प्रश्न विचारला, जो मला नोकरीत एकाही कर्जदाराने विचारला नव्हता. "दाजी, यांच्याकडे पूर्ण पन्नास नव्हते, पण समजा आम्ही एकोणपन्नास हजार भरले असते. हजारच राहिले असते. मग हजाराचं व्याज लागलं असतं ना?"

तर नाही. हे गणित मी त्यांच्यासमोर मांडलं तेव्हा घरात जी शांतता पसरली ती भारत सामना हरतो तेव्हाचीच. फ्रिज १८ ऑक्टोबरपासून ५ डिसेंबरपर्यंत अंगावर होताच, कपडेही होतेच. ५ तारखेला एकोणपन्नास हजार भरलेत म्हणून त्याआधीचे दिवस पुसले जात नाहीत. मीटरवरचं फडकं हजार रुपयांसाठीही तेवढंच सरकतं. आहेराचं व्याज सोडून देऊ, नुसत्या त्या पन्नास हजारांचंच व्याज २,६०० रुपये, वर जीएसटी ४६८. हजार रुपये कमी पडले म्हणून तीन हजार अडुसष्टचा भुर्दंड. अशा वेळी शेजाऱ्याकडून हजार रुपये मागून आणणं आणि त्याला महिन्याने दीड हजार परत करणंसुद्धा स्वस्त पडतं. शेजारी मात्र संशय घेईल.

"मग ती किमान रक्कम आहे कशासाठी?" साडूंनी विचारलं. प्रश्न रागात होता, पण नेमका होता.

किमान रक्कम भरून दोन गोष्टी साधतात. एक, उशिराचा दंड लागत नाही. हा दंड बाकीच्या मानाने चढत जातो आणि पन्नास हजारांच्या वर बाकी असली तर हजार-तेराशेच्या घरात असतो, वर पुन्हा जीएसटी. दोन, तुमचं खातं थकीत म्हणून सिबिलकडे जात नाही. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, नाही असं नाही. ज्याच्याकडे खरोखरच बाकी काही नाही त्याने किमान तरी जरूर भरावं. रिझर्व्ह बँकेचा नियम तर असा, की तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय दंडही लावायचा नाही आणि थकीत म्हणून कळवायचंही नाही. पण या सगळ्यात व्याजाचा उल्लेख कुठेही नाही, हे साडूंच्या लक्षात आलं नव्हतं. किमान रक्कम तुम्हाला दंडापासून वाचवते. व्याजापासून वाचवायचं तिने कधी कबूलच केलेलं नाही.

आणि बँकेला यात वाईट काय वाटावं? बँकवाले पूर्ण बिल भरणाऱ्याला एका नावाने ओळखतात, अर्धवट भरून बाकी फिरवत ठेवणाऱ्याला दुसऱ्या. दुसऱ्याला ते 'रिव्हॉल्व्हर' म्हणतात. साडूंना हे सांगितल्यावर त्यांना थोडं बरं वाटलेलं मी पाहिलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कुणी काहीतरी धारदार म्हटलं होतं. मी स्पष्ट केलं, की गोळ्या आपल्याकडेच येतात.

पूर्वी कित्येक बँका एकूण बाकीच्या सरळ पाच टक्के मागायच्या आणि व्याजही त्यातच आलं. साडेतीन टक्के व्याज, वर त्याचा जीएसटी, म्हणजे महिन्याला चार टक्क्यांहून थोडं जास्त. शंभर रुपये देणं असलेल्या माणसाने पाच भरले तर चार रुपये तेरा पैसे व्याजात आणि करात जायचे, मुद्दलातून उतरायचा जेमतेम एखादा रुपया. या गतीने, एकही नवी खरेदी न करता, पन्नास हजारांचे पंचवीस हजार व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. त्यात फ्रिजची वॉरंटी संपून जाते.

साडूंच्या दुसऱ्या स्टेटमेंटवर मात्र किमान रक्कम सहा हजार पाचशे अडतीस होती. हा त्यांना दुसरा धक्का होता, कारण किमान रक्कम ही अडीच हजारांच्या आसपासच राहते अशी त्यांची श्रद्धा होती. ते पगाराचं नियोजन अडीच हजारांवर करून बसले होते. यात बँकेचा लबाडपणा नव्हता, उलट कुणीतरी ग्राहकाचं भलं करायला गेलं होतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांसाठी जे नियम काढले त्यात म्हटलं, की किमान रक्कम अशी ठरवा की ती भरूनही देणं वाढत जाईल असं होऊ नये. आणि न भरलेलं शुल्क नि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावू नका. म्हणून आता चढलेलं सगळं व्याज, सगळा जीएसटी, आणि वर मुद्दलाचे पाच टक्के, अशी किमान रक्कम मागण्याची रीत पडली आहे. साडूंच्या बाबतीत साडेत्रेपन्न हजारांचे पाच टक्के २,६७५ आणि व्याज-कर ३,८६३. बेरीज केलीत तर नेमका तोच आकडा येतो.

म्हणजे पहिल्या महिन्यात किमान रक्कम गोड असते, कारण तोपर्यंत व्याज मोजलेलंच नसतं. १५ नोव्हेंबरला बँकेला तुम्ही पूर्ण भरणार की अर्धवट हे माहीत नसतं, म्हणून फडकं अजून जागेवर असतं. दुसऱ्या महिन्यापासून किमान रक्कम खरी बोलायला लागते. साडूंना तिचा हा स्वभावबदल फार लागला.

"पण बेचाळीस टक्के?" साडू म्हणाले. "सावकार बरा की. कोर्टात कुणी जात नाही का?"

गेले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ ला निकाल दिला होता, की थकलेल्या कार्डबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द झाला. व्याजदराचं बघायला रिझर्व्ह बँक आहे, आयोगाने त्यात पडू नये, आणि कार्डधारकांना अटींची नीट माहिती दिलेली असते, असा त्याचा एकूण सूर होता. हे ऐकताना मी साडूंकडे पाहिलं. माहिती दिलेले कार्डधारक समोर बसून बिस्किट चहात बुडवत होते, आणि ते तुटून आत पडलं होतं.

इथवर सगळं कार्डाचं झालं. पण खरी अडचण कार्डात नव्हतीच, हे मेहुणीने सहज बोलून दाखवलं तेव्हा कळलं. "मी यांना म्हटलं होतं, ठेवीतले काढा. तर म्हणतात, ठेव मोडायची नसते."

साडूंची माझ्याच जुन्या बँकेत पंचाहत्तर हजारांची मुदत ठेव होती. सात टक्क्यांनी. म्हणजे एका हाताने ते महिन्याला चारशे सदतीस रुपये व्याज घेत होते आणि दुसऱ्या हाताने, जीएसटी धरून, बावीसशे रुपये देत होते. कारखान्यात कुणी असा व्यवहार केला असता तर साडूंनीच त्याची चौकशी लावली असती. पण मराठी माणूस आणि मुदत ठेव यांचं नातं हिशेबात बसत नाही. कार्डावरचं कर्ज हे त्याला कर्ज वाटतच नाही. कागदावर सही नाही, जामीनदार नाही, घरी कुणी विचारायला येत नाही. ठेव मात्र मोडली की काहीतरी मोडलं असं वाटतं. आमच्याकडे ठेव मोडायला येणारी माणसं काउंटरवर आवाज खाली आणून बोलायची. त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलणारे कर्ज मागायला आलेले असायचे.

मी साडूंना ठेव मोडा म्हटलं नाही. इतक्या वर्षांनी मला एवढं कळतं. मी म्हटलं, ठेव राहू द्या जागेवर, तिच्यावर तारण कर्ज घ्या. ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतं, आणि व्याज ठेवीपेक्षा दोनेक टक्के जास्त असतं. म्हणजे नऊ टक्के. जीएसटी नाही. पंचाहत्तर हजारांवर साडेसदुसष्ट हजार मिळण्यासारखे होते, गरज ५७,३६३ ची होती. त्यावर महिन्याला व्याज पडतं चारशे तीस रुपये. ठेव स्वतः महिन्याला चारशे सदतीस कमावते. साडूंनी दोन्ही आकडे तीनदा तपासले. सात रुपये वर राहतात म्हटल्यावर त्यांचा चेहरा धनत्रयोदशीनंतर पहिल्यांदा खुलला. चार हजारांचं नुकसान ते विसरले, सात रुपयांच्या फायद्यावर खूश झाले आणि जाताना मला म्हणाले, "बघा, ठेव मोडली नाही ते बरं झालं."

कर्ज मंजूर व्हायला वेळ लागला नाही, पण साडूंना कागद जमवायला लागला. शेवटी २ जानेवारीला, शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी, त्यांनी ५७,३६३ रुपये पूर्ण भरले. मेहुणीने कार्ड गव्हाच्या कोठीत टाकलं. सगळे मोकळे झाले. मी मुद्दामच बोललो नाही, कारण त्यांना दोन आठवडे सुखाचे मिळावेत असं मला वाटलं.

१५ जानेवारीला पुन्हा स्टेटमेंट आलं. कार्ड गव्हात होतं, खरेदी शून्य होती, आणि फायनान्स चार्जेस होते १,१०८ रुपये.

साडूंनी आधी कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या मुलीने अतिशय नम्रपणे त्यांना सांगितलं, की सर, हे मागच्या बाकीवरचं व्याज आहे. साडू म्हणाले, मागची बाकी मी दोन तारखेला भरली. ती म्हणाली, हो सर, दोन तारखेपर्यंतचं आहे. साडूंनी फोन ठेवला आणि मला लावला.

ती मुलगी खरं सांगत होती. ५७,३६३ हा आकडा १५ डिसेंबरचा होता. पैसे भरले २ जानेवारीला. मधल्या अठरा दिवसांत साडेत्रेपन्न हजार अंगावर होतेच, आणि एकदा बिनव्याजी मुदत गेली की बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचंही व्याज चालू राहतं. ते पुढच्या स्टेटमेंटशिवाय दिसत नाही. साडूंच्या बँकेने ते नुसत्या मुद्दलावर लावलं होतं, त्यातल्या त्यात हा मोठेपणा. कार्ड कायमचं संपवायचं असेल तर स्टेटमेंटवरचा आकडा भरून भागत नाही. फोन करून आजच्या तारखेला निखळ किती देणं आहे ते विचारावं लागतं, आणि तेवढं भरावं लागतं. नाहीतर ही शेपटी उरते. बरेच लोक ती बघतच नाहीत, कारण त्यांच्या मते कार्ड मिटलेलं असतं. मग हजार रुपयांवर दंड बसतो, आणि सिबिलवर एक थकबाकी येऊन बसते जिचा त्यांना पत्ताच नसतो.

"किती भरायचे एकूण?" मी फोनवर विचारलं.

"अकराशे आठ, आणि जीएसटी एकशे नव्व्याण्णव. तेराशे सात."

"लगेच भरून टाका."

पलीकडे कागदाचा आवाज आला. साडू पुन्हा पहिल्या पानावर गेले होते, तीन चौकटींपाशी.

"पण साडूभाऊ, या वेळी बँकेची नक्की चूक आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जुना हुरूप परतला होता. "एकूण देय तेराशे सात आणि किमान देयही तेराशे सातच छापलंय. पाच टक्के कुठे गेले?"

मी सांगितलं, की ही अख्खी बाकी व्याजाची आणि कराची आहे. मुद्दल उरलेलंच नाही, मग पाच टक्के कशाचे काढणार? व्याज आणि कर किमान रकमेत पूर्णच धरतात.

साडू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता सवलत बंद केली म्हणा की त्यांनी. वेळेवर भरणाऱ्याची किंमतच नाही या लोकांना."